पुरळ कुठे आहे आणि कुठे नाही

अंगावर पुरळ उठले की आपण आधी त्याचा रंग पाहतो, मग आकार. खाज किती येते ते सांगतो आणि विचारतो, "डॉक्टर, ही कशाची ॲलर्जी?" त्वचेच्या डॉक्टरांच्या मनात मात्र त्या आधी दुसरेच दोन प्रश्न येतात. हे अंगावर आणखी कुठे कुठे आहे? आणि कुठे अजिबात नाही? त्यासाठीच ते शर्ट काढायला सांगतात, कानामागे पाहतात, नखे पाहतात, पायांच्या बोटांच्या बेचक्या उघडून बघतात. हाताला झालेल्या पुरळासाठी पाय कशाला पाहायचे, असे रुग्णाला वाटते. पण निदानाचा निम्मा रस्ता तिथेच कापला जातो.

याचे कारण असे की त्वचेजवळ तक्रार करण्याचे मार्ग फार थोडे आहेत. ती लाल होते, सुजते, तिचा कोंडा सुटतो, तिच्यावर फोड येतात, ती जाड किंवा काळपट होते. कारणे मात्र शेकड्यांनी आहेत. म्हणून बुरशीचा चट्टा, सोरायसिसचा चट्टा आणि एखाद्या मलमाची रिॲक्शन जवळून पाहिल्यावर बऱ्याचदा एकसारखी दिसतात. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर तर लाली लालही दिसत नाही. ती जांभळट, तपकिरी किंवा नुसती काळसर दिसते. रंगावरून ओळखण्याचा मार्ग असा अर्धा बंदच असतो.

जागेचे तसे नाही. शरीरावरची त्वचा सगळीकडे सारखी नसते. काखेत ओल असते, कोपरावर सतत घर्षण असते, नाकाचा शेंडा नि कानाची पाळी शरीराच्या इतर भागांपेक्षा थंड असते, आणि छातीच्या प्रत्येक पट्ट्याला ठरलेली नस असते. प्रत्येक आजाराला यातले काही ना काही मानवते किंवा मानवत नाही. म्हणून जागा कळली की शंभर शक्यतांतून पाच-सहा उरतात. या लेखात चार ठिकाणे पाहू: घड्या, हातापायांची बाहेरची बाजू, शरीराची एकच बाजू आणि सरळ रेघ.

घडीच्या तळाशी काय आहे?

जांघ, काख, स्तनांखालची जागा, पोटाची वळी, नितंबांमधली फट. इथे त्वचेला त्वचा टेकलेली असते. घाम सुकत नाही, वारा लागत नाही, घर्षण चालू राहते. त्यामुळे ओल आवडणारे जंतू इथे वाढतात. पण घडीत पुरळ आहे एवढेच म्हणून भागत नाही. घडीच्या नेमक्या तळाशी आहे की तळ सोडून बाजूला आहे, हे पाहावे लागते.

तान्ह्या बाळाच्या लंगोटाच्या जागेपासून सुरुवात करू, कारण तिथे हा फरक सगळ्यांत स्पष्ट दिसतो. ओल्या लंगोटामुळे किंवा डायपरमुळे त्वचा नुसती चुरचुरली असेल, तर लाली उंचवट्यांवर येते: कुल्ल्यांवर, मांड्यांच्या फुगीर भागावर, ओटीपोटावर. म्हणजे ओले कापड जिथे प्रत्यक्ष टेकते तिथे. जांघेची घडी बोटांनी उघडून पाहिली तर आतली त्वचा चांगली असते, कारण कापड तिथवर पोचतच नाही. उलट, घडीच्या तळापर्यंत गडद लाल असेल आणि मुख्य लालीच्या बाहेर बारीक बारीक पुटकुळ्या विखुरलेल्या असतील, तर ती कँडिडा नावाच्या यीस्टची लागण असण्याची शक्यता मोठी. पहिल्या बाळाला लंगोट वारंवार बदलणे आणि झिंकचे साधे मलम पुरते. दुसऱ्याला बुरशीविरोधी मलम लागते.

मोठ्या माणसाच्या जांघेतही हाच विचार चालतो. आपल्याकडे जांघेतल्या खाजेचे सगळ्यांत मोठे कारण म्हणजे गजकर्ण. ही बुरशी त्वचेच्या वरच्या मृत थरातले केरॅटिन खाऊन जगते आणि कडेकडेने पुढे सरकते. म्हणून तिच्या चट्ट्याची कड उठावदार, खवल्यांची आणि जास्त खाजरी असते. मधला भाग मात्र निवळत जातो. चट्टा जांघेतून मांडीच्या आतल्या बाजूवर अर्धवर्तुळासारखा उतरतो. पुरुषांमध्ये एक खूण फार उपयोगी पडते. गजकर्ण सहसा अंडकोषाची त्वचा सोडून देते, कँडिडा सोडत नाही. जांघ आणि अंडकोष दोन्ही लाल, ओलसर असतील आणि माणूस वजनाने जड असेल, तर डॉक्टर लगेच रक्तातली साखर तपासायला सांगतात. मधुमेहाचे निदान अशा जांघेतल्या पुरळावरून पहिल्यांदा झालेले रुग्ण दुर्मीळ नाहीत.

तिसरी शक्यता एका जिवाणूची असते. त्याचा चट्टा तपकिरी, सपाट, बारीक सुरकुतल्यासारखा दिसतो. त्याला उठावदार कड नसते आणि खाजही फारशी नसते. अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्प नावाचा जांभळा दिवा धरला की तो पोवळ्यासारखा लालसर चमकतो. बुरशीचे मलम लावून महिने गेले तरी जात नाही, असा चट्टा अनेकदा हा असतो. आणि चौथी शक्यता घडीतल्या सोरायसिसची. तो गुळगुळीत, चकचकीत आणि ठळक सीमेचा असतो. एरवीची सोरायसिसची पांढरी खपली घडीतल्या ओलीमुळे तिथे धरत नाही, म्हणून तो ओळखू येत नाही. त्याची ओळख दुसरीकडे पटते: डोक्याच्या त्वचेवर, बेंबीत, नखांवरच्या टाचणीने टोचल्यासारख्या खड्ड्यांत.

एका प्रातिनिधिक रुग्णाचे उदाहरण घेऊन हे पायरी पायरीने पाहू. हॉटेलच्या भटारखान्यात काम करणारा अडतिशीतला माणूस. दिवसभर शेगडीजवळ उभा, जाड जीन्स, घामाने निथळलेला. आठ महिन्यांपासून जांघेत खाज. मेडिकलच्या दुकानातून एक ट्यूब आणली, चार दिवसांत आराम पडला, थांबवल्यावर पुन्हा आली. आता चट्टा दोन्ही मांड्यांवर आणि मागे नितंबांवरही आहे. कड पुसट झाली आहे, मधूनच लाल पुटकुळ्या आहेत. नुसते पाहून गजकर्ण म्हणावे असे चित्र राहिलेले नाही.

पहिला प्रश्न ट्यूबचा. रिकामी ट्यूब मागवून घेतली की तिच्यावर एक बुरशीविरोधी औषध, एक जिवाणूविरोधी औषध आणि तिसरे क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखे तीव्र स्टिरॉइड अशी तीन नावे सापडतात. स्टिरॉइड सूज आणि खाज दाबते, म्हणून बरे वाटते. पण त्याच वेळी ते बुरशीशी लढणारी त्वचेची ताकदही दाबते. बुरशी मोकळी पसरते आणि तिची ओळखीची कड पुसली जाते. घडीत तर स्टिरॉइड जास्त शोषले जाते. मांडीच्या आत फिकट, खोलगट रेघा दिसू लागलेल्या असतील, तर ते त्वचा फाटल्याचे वण असतात आणि ते कायमचे राहतात.

दुसरी पायरी जागांची. अंडकोष कोरडे आणि स्वच्छ आहेत: गजकर्णाच्या बाजूने एक मत. पायांच्या शेवटच्या दोन बोटांच्या बेचकीत पांढरट, भिजलेली त्वचा आहे: दुसरे मत, कारण पायाची बुरशी अंतर्वस्त्र घालताना जांघेपर्यंत पोचते. कोपरे, डोके, नखे स्वच्छ आहेत: सोरायसिस मागे पडतो. घरी बायकोलाही कमरेवर, साडीच्या निऱ्या खोचतात त्या पट्ट्यात असाच चट्टा आहे: तिसरे मत. ओल आणि घट्ट बांधणी जिथे, तिथे बुरशीने जागा धरलेली आहे.

तिसरी पायरी खात्रीची. चट्ट्याच्या कडेचे खवले बोथट पात्याने काचपट्टीवर खरवडून घ्यायचे, त्यावर 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. त्वचेच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात आणि बुरशीचे फांद्या फुटलेले धागे दिसतात. हे धागे दिसले की चर्चा संपते. मग पोटातून बुरशीविरोधी गोळ्या आणि निव्वळ बुरशीविरोधी मलम, तेही चट्ट्याच्या कडेबाहेर सुमारे दोन सेंटीमीटरपर्यंत, आणि घरातल्या सगळ्या बाधितांना एकाच वेळी उपचार. हे काही आठवडे चालते. भारतात सध्या पसरलेल्या गजकर्णाच्या बुरशीला 2020 मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव मिळाले. तिच्यातले अनेक वाण टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत. स्टिरॉइडमिश्रित ट्यूबने वाया घालवलेले आठ महिने म्हणूनच महाग पडतात.

कोपर आणि गुडघ्याची बाहेरची बाजू

हात दुमडला की जी बाजू बाहेर येते आणि टेबलावर टेकते, ती सोरायसिसची आवडती जागा. दोन्ही कोपरे, दोन्ही गुडघे, कमरेचा खालचा भाग आणि डोक्याची त्वचा. चट्टा जाड असतो, त्याची सीमा पेनाने आखावी इतकी ठळक असते आणि वर चंदेरी खपली असते.

याच जागा का, याचे एक उत्तर 1870च्या दशकात मिळाले. ब्रेस्लाऊ या तेव्हाच्या जर्मन शहरातले त्वचारोगतज्ज्ञ हाइनरिश कोब्नर यांच्या लक्षात आले की सोरायसिसच्या रुग्णाच्या चांगल्या त्वचेला जिथे इजा होते, तिथे काही दिवसांनी सोरायसिसचाच चट्टा उठतो. खरचटणे, गोंदण, शस्त्रक्रियेचा व्रण, काहीही पुरते. या प्रकाराला आजही त्यांचेच नाव आहे. कोपर आणि गुडघे रोज टेकतात, घासतात, दाब सहन करतात. आजाराची प्रवृत्ती अंगात असली की तो इथे डोके वर काढतो. म्हणूनच सोरायसिसच्या रुग्णाला खपली ओरबाडू नका असे बजावले जाते. ओरबाडल्याने चट्टा वाढतो.

याच्या विरुद्ध जागा एक्झिमाची, म्हणजे ज्या इसबाबरोबर दमा किंवा शिंका-सर्दीची प्रवृत्ती घराण्यात असते त्या इसबाची. कोपराची आतली खोबण, गुडघ्यामागची खोबण, मान, मनगट. इथे चट्ट्याची सीमा पुसट असते, खाज प्रचंड असते, त्वचा खाजवून जाड आणि काळी झालेली असते. तेव्हा साधे सूत्र असे: कोपराच्या बाहेर असेल तर सोरायसिसचा विचार, आत असेल तर एक्झिमाचा.

पण हे सूत्र वयाकडे पाहून लावावे लागते. सहा महिन्यांच्या बाळाचा एक्झिमा खोबणीत नसतो. तो गालांवर असतो आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूवर असतो, कारण रांगणारे बाळ तीच बाजू जमिनीवर आणि चादरीवर घासते. दोनेक वर्षांच्या पुढे तो हळूहळू खोबण्यांत सरकतो. बाळाच्या बाबतीत जिथे नाही ती जागाच जास्त बोलते. लंगोटाची जागा एक्झिमापासून बहुधा मोकळी राहते, कारण ती ओलसर आणि झाकलेली असते आणि बाळाच्या नखांना तिथे पोचता येत नाही. गाल लाल, हात-पाय खरखरीत आणि लंगोटाखालची त्वचा मऊ असेल, तर एक्झिमाचा तर्क पक्का होतो. तेच बाळ रात्री रडत असेल आणि त्याच्या तळहातांवर, तळपायांवर आणि काखेत पुटकुळ्या असतील, तर विचार खरजेकडे वळवावा लागतो. मग लगेच आईच्या बोटांच्या बेचक्या आणि मनगटे पाहायची. घरात आणखी कोणाला रात्री खाज सुटते का, हेही विचारायचे.

एकाच बाजूला असेल तर

ज्याची ॲलर्जी आहे असे औषध पोटात गेले की ते रक्तातून सगळीकडे जाते, डावे-उजवे पाहत नाही. म्हणून शरीराच्या आतून येणारे बरेचसे पुरळ दोन्ही बाजूंना सारखे असते. एकाच बाजूला पुरळ आले तर कारण त्या बाजूपुरतेच असले पाहिजे. एक तर बाहेरून काही तिथेच लागले असेल, किंवा आत फक्त त्या बाजूची नस बाधित असेल.

नसेचे सगळ्यांत ठळक उदाहरण म्हणजे नागीण. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू शरीर सोडत नाही. पाठीच्या कण्यालगत संवेदना वाहणाऱ्या नसांच्या गाठी असतात, तिथे तो वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. वय वाढले, प्रतिकारशक्ती खालावली की त्यातल्या एका गाठीत तो जागा होतो आणि त्या एकाच नसेवरून त्वचेपर्यंत येतो. कण्यातून नसांच्या 31 जोड्या निघतात आणि डाव्या नसेचा प्रदेश उजव्या नसेहून वेगळा असतो. त्यामुळे नागिणीचे फोड पाठीच्या मध्यावर सुरू होतात, बरगडीच्या दिशेने पुढे वळतात आणि छातीच्या किंवा पोटाच्या मध्यरेषेवर थांबतात. इंग्लंडमधले हेन्री हेड आणि ए. डब्ल्यू. कॅम्पबेल यांनी 1900 मध्ये नागीण झालेल्या माणसांच्या शवविच्छेदनात या गाठी तपासल्या आणि कोणत्या गाठीचा त्वचेवर कोणता पट्टा याचे नकाशे काढले. स्तनाग्राच्या पातळीचा पट्टा छातीच्या चौथ्या नसेचा, बेंबीच्या पातळीचा दहाव्या नसेचा, हे आज वैद्यकीच्या विद्यार्थ्याला पाठ असते.

आपल्याकडे एक समज खोलवर रुजलेला आहे: नागिणीचे तोंड आणि शेपूट कमरेभोवती जुळले की माणूस दगावतो. त्या भीतीने घरातले लोक मंत्र घालणाऱ्याकडे धाव घेतात, फोडांवर नाना लेप लावतात. नसांचा नकाशा पाहिला की या भीतीचे कारण उरत नाही. मध्यरेषा ओलांडून दुसऱ्या बाजूला जाण्याचा रस्ताच त्या नसेला नसतो, म्हणून जवळजवळ सगळ्या रुग्णांत वेढा अपुराच राहतो आणि मंत्राला त्याचे श्रेय मिळते. नागिणीत खरा धोका वेढ्याचा नसून वेळेचा आहे. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केल्या तर सर्वांत उपयोगी पडतात. लेपात चार दिवस गेले की ती संधी हुकते आणि फोड सुकल्यावरही महिनोन्‌महिने राहणारे नसेचे दुखणे, विशेषतः साठीपुढच्या माणसाच्या, मागे लागू शकते.

नागिणीत पुरळाच्या आधी दोन-चार दिवस नुसती आग किंवा ठणका असतो. छातीच्या डाव्या बाजूला असेल तर हृदयविकाराची शंका येते आणि ती तपासून पाहणे योग्यच आहे. पण ईसीजी चांगला आला आणि दुखऱ्या पट्ट्यावर शर्टाचा स्पर्शही सोसत नसेल, तर पुढचे काही दिवस तिथली त्वचा रोज पाहायची. चेहऱ्यावरही जागा महत्त्वाची ठरते. कपाळाच्या एका बाजूला फोड असताना नाकाच्या शेंड्यावर किंवा कडेला एखादा फोड दिसला, तर डोळ्यालाही धोका आहे असे समजावे. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याच्या बुबुळाला एकाच नसेची फांदी जाते. अशा रुग्णाने त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायला हवे. आणि फोड एका पट्ट्यात न राहता अंगभर दूरदूर उठू लागले, तर प्रतिकारशक्ती का ढासळली याचा शोध घ्यावा लागतो.

एकतर्फीपणाचा दुसरा धडा कुष्ठरोगाचा. ज्यांच्या शरीरात त्या जंतूंविरुद्ध बऱ्यापैकी प्रतिकार असतो, त्यांना एक-दोनच चट्टे येतात आणि ते डाव्या-उजव्या बाजूंना जुळत नाहीत: एक डाव्या दंडावर, एक उजव्या कुल्ल्यावर. चट्टा फिकट किंवा तांबूस, कोरडा, घाम न येणारा असतो. त्याला खाज नसते आणि त्यावर कापसाची वात फिरवली तर कळत नाही. डोळे मिटून बसलेल्या माणसाला स्पर्श झाला की बोट ठेवायला सांगायचे, आधी चांगल्या त्वचेवर आणि मग चट्ट्यावर. इथेही नसलेली जागा बोलते. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा थंड जागा मानवतात, म्हणून काख, जांघ आणि डोक्याचा केसाळ भाग अशा उबदार ठिकाणी त्याचे चट्टे सहसा आढळत नाहीत. न खाजणारा, बधिर चट्टा गजकर्णाच्या मलमावर ठेवून देणे ही फार महागात पडणारी चूक आहे. वेळेवर गोळ्या सुरू झाल्या की हा आजार पूर्ण बरा होतो, पण एकदा मेलेली नस परत येत नाही.

रेघ कोणी ओढली?

पुरळ रेघेत असेल तर पहिला संशय बाहेरच्या गोष्टीवर. पावसाळ्यात होस्टेलमध्ये, शेताजवळच्या घरात रात्री दिव्याखाली झोपलेला मुलगा सकाळी मानेवर किंवा गालावर आग होणारी लाल रेघ घेऊन उठतो. दुसऱ्या दिवशी तिच्यावर फोड आणि मधोमध पिवळट पू दिसतो. घरचे म्हणतात नागीण. ती असते पेडेरस नावाच्या बारीक किड्याची करामत. काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा, सेंटीमीटरभरही लांब नसलेला हा किडा उजेडाकडे येतो. तो चावत नाही. झोपेत आपण त्याला चिरडतो आणि हात फिरवतो, तेव्हा त्याच्या शरीरातला दाहक द्रव हाताच्या वाटेने रेघेत पसरतो.

नागिणीपासून हे वेगळे ओळखायचे तर जागाच मदत करते. पेडेरसची रेघ नसेच्या पट्ट्याशी जुळत नाही. ती आडवी, उभी, तिरकी कशीही जाते आणि मध्यरेषा बिनदिक्कत ओलांडते. पुरळाच्या आधी दोन दिवस ठणकाही नसतो. सगळ्यांत खात्रीची खूण कोपराच्या खोबणीत सापडते. द्रव खोबणीच्या एका बाजूला लागला आणि हात दुमडला की समोरच्या त्वचेवर त्याचा हुबेहूब ठसा उमटतो, आरशातल्या प्रतिमेसारखा. नस असे करू शकत नाही. असा किडा अंगावर दिसला तर त्याला चिरडू नये, फुंकर मारून किंवा कागदावर घेऊन दूर करावे आणि ती जागा साबणाने धुवावी.

बिब्ब्याची गोष्टही अशीच. सुजलेल्या सांध्यावर बिब्बा लावायचा घरगुती रिवाज महाराष्ट्रात जुना आहे. अंगावर बिब्बा उतला की जिथे लावला तिथे काळपट ठिपका आणि भोवती फोड दिसतात. गुडघ्यावर लावलेला असेल तर तिथून नडगीवर ओघळाची रेघही उतरते. तेल खाली वाहते, म्हणून रेघ नेहमी उताराच्या दिशेने असते. कोकणात काजूच्या ओल्या टरफलातल्या चिकामुळे आणि आंब्याच्या देठाच्या चिकामुळेही अशीच प्रतिक्रिया येऊ शकते, कारण तिन्ही झाडे एकाच कुळातली आहेत आणि त्यांच्या चिकातली द्रव्ये एकमेकांच्या जवळची आहेत. लिंबाचे वेगळे. लिंबाचा रस हातावर ओघळला आणि ती जागा उन्हात तापली, तर काही दिवसांनी तपकिरी रेघा उमटतात आणि त्यांना खाज जवळजवळ नसते.

रेघ नागमोडी असेल आणि रोज पुढे सरकत असेल तर ती जिवंत असते. समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत अनवाणी चाललेल्या माणसाच्या तळपायावर, कुत्र्यामांजरांच्या विष्ठेतून वाळूत आलेली अंकुशकृमीची अळी त्वचेत शिरते. माणसाच्या त्वचेचा खालचा थर भेदून तिला आत जाता येत नाही, म्हणून ती वरच्या थरातच भटकत राहते आणि मागे खाजरी, उंचावलेली वाट ठेवते. कालच्या टोकापाशी पेनाने खूण केली तर आज वाट खुणेच्या पुढे गेलेली दिसते.

शेवटची रेघ बाहेरून आलेली नसते आणि नसेचीही नसते. बर्लिनचे त्वचारोगतज्ज्ञ आल्फ्रेड ब्लाश्को यांनी 1901 मध्ये शंभराहून अधिक रुग्णांच्या अंगावरच्या रेघा एका पुतळ्यावर उतरवून पाहिल्या. पाठीच्या मध्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखा कोन, कुशीवर एससारखे वळण, हातापायांवर लांब उभ्या रेघा. हा नकाशा नसांशी जुळत नव्हता, रक्तवाहिन्यांशीही नाही. गर्भात त्वचेच्या पेशी वाढताना ज्या वाटांनी पसरतात, त्या वाटा या रेघांमध्ये दिसतात, हे पुढे उलगडले. गर्भाच्या एखाद्या पेशीत जनुकीय बदल झाला की तिच्या वंशातल्या पेशी याच वाटेवर बसतात. जन्मतःच असलेला किंवा बालपणी उमटलेला खरखरीत, चामखिळीसारखा पट्टा असा तयार होतो. लहान मुलांच्या पायावर अचानक उठणारी, बारीक पुटकुळ्यांची एक रेघही याच वाटेने जाते, आणि ती बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाते. आईवडिलांना हे सांगितले की अनावश्यक मलमे टळतात.

नकाशा कुठे चुकतो

जागेवरून काढलेला तर्क शक्यता कमी करतो, निदान पुरे करत नाही. स्टिरॉइडने गजकर्णाची कड कशी पुसते ते वर आलेच. मधुमेह, एचआयव्ही किंवा कर्करोगाच्या औषधांमुळे प्रतिकार ढासळलेला असेल तर नागीण पट्टा सोडते आणि खरूज नेहमीच्या जागा सोडून टाळूपर्यंत जाते. एकाच माणसाला दोन आजारही असू शकतात: जुना सोरायसिस आणि त्यावर घडीत बसलेली बुरशी. म्हणून तर्कानंतर खवल्यांची तपासणी, कधी त्वचेचा तुकडा काढून तपासणे, हे लागतेच.

काही परिस्थितींत मात्र जागेचा विचार करत थांबू नये. नवे औषध सुरू केल्यावर पुरळाबरोबर ताप आला, तोंडात, डोळ्यांत किंवा गुप्तांगावर जखमा झाल्या, त्वचा भाजल्यासारखी सोलवटू लागली, किंवा दाबूनही न जाणारे जांभळे ठिपके तापासोबत उठले, तर थेट रुग्णालय गाठावे.

एरवी डॉक्टरांकडे जाण्याआधी घरी दोन गोष्टी कराव्यात. कोणतेही मलम लावण्याआधी उजेडात फोटो काढावेत: एक जवळून आणि एक दुरून, ज्यात पूर्ण हात किंवा पूर्ण पाठ दिसेल. दुरूनचा फोटोच बहुतेक जण काढत नाहीत आणि डॉक्टरांना तोच हवा असतो. दुसरे, घरच्या कोणाकडून कानामागे, पाठीवर, बोटांच्या बेचक्यांत, बेंबीत आणि घड्यांच्या तळाशी पाहून घ्यावे आणि जिथे पुरळ नाही त्या जागाही लिहून ठेवाव्यात. लावलेल्या प्रत्येक मलमाची ट्यूब, रिकामी असली तरी, सोबत न्यावी. "मला खाज येते" एवढ्यावरून डॉक्टरांना कारणांची सगळी यादी चाळावी लागते. "दोन्ही जांघांत आहे, अंडकोषावर नाही, पायाच्या बेचकीत आहे, बायकोलाही आहे" असे सांगणारा माणूस ती यादी स्वतःच दोन-तीन नावांवर आणून ठेवतो.